क्रेन कलंडणं आणि बूम मोडणं: लोड चार्टमधल्या दोन वेगळ्या मर्यादा

क्रेनच्या बाजूंना बाहेर निघणारे आधाराचे पाय, म्हणजे आउटरिगर, पूर्ण बाहेर काढले, मागे तोल सांभाळणारं वजन, म्हणजे काउंटरवेट, जादा लावलं, म्हणजे क्रेन जास्त वजन उचलेल, असं साइटवर सर्रास गृहीत धरलं जातं. काही वेळा ते खरं असतं, पण काही वेळा या दोन्हींचा काडीचाही उपयोग होत नाही. कारण किती अंतरावर किती वजन उचलता येईल हे सांगणाऱ्या लोड चार्टमध्ये दोन स्वतंत्र मर्यादा एकत्र छापलेल्या असतात. एक मर्यादा क्रेन कलंडण्याची आणि दुसरी तिचे भाग मोडण्याची. प्रत्येक रकान्यात या दोन्हींपैकी जी आधी येते तिचा आकडा असतो.

आधी कलंडण्याचं पाहू. क्रेन कलंडते ती वजनाच्या बाजूच्या दोन आउटरिगर पॅडना जोडणाऱ्या रेषेभोवती. त्या रेषेच्या आतलं वजन क्रेनला धरून ठेवतं, बाहेरचं वजन तिला पाडू पाहतं.

हिशेबासाठी एक क्रेन घेऊ. तिची गाडी आणि वरचा फिरणारा भाग मिळून २८ टन, आणि हे वजन फिरण्याच्या मध्यबिंदूवर आहे असं मानू. काउंटरवेट ८ टन, मध्यापासून ३.५ मीटर मागे. बूम, म्हणजे वजन उचलणारा लांब हात, ६ टन. आउटरिगर पूर्ण उघडल्यावर कलंडण्याची रेषा मध्यापासून ३ मीटरवर येते. मोमेंट म्हणजे वजन गुणिले रेषेपासूनचं अंतर. मग क्रेनला धरून ठेवणारा मोमेंट झाला २८ गुणिले ३, म्हणजे ८४, अधिक ८ गुणिले ६.५, म्हणजे ५२. एकूण १३६ टन-मीटर.

रेडियस, म्हणजे फिरण्याच्या मध्यापासून हुकापर्यंतचं आडवं अंतर, १२ मीटर असताना वजन रेषेच्या ९ मीटर बाहेर लटकतं. बूमचा गुरुत्वमध्य मध्यापासून ५.५ मीटरवर धरला, तर तो रेषेच्या २.५ मीटर बाहेर आहे. म्हणजे बूम एकटाच १५ टन-मीटर खातो. उरलेल्या १२१ ला ९ ने भागलं की १३.४ टन येतात. इतक्या वजनाला क्रेन कलंडायला लागेल. चार्टमध्ये यातला ठरावीक हिस्साच देतात. मानकानुसार आणि क्रेनच्या प्रकारानुसार तो बहुधा ७५ किंवा ८५ टक्के असतो. ७५ टक्के धरले तर १० टन.

आता बूम लांबवून रेडियस २४ मीटर केला. रेडियस दुप्पट झाला, पण क्षमता निम्म्यावर थांबत नाही. वजन रेषेच्या २१ मीटर बाहेर गेलं, आणि बूमचा गुरुत्वमध्य ११.५ मीटरवर सरकल्यामुळे बूमच ५१ टन-मीटर खातो. उरलेल्या ८५ ला २१ ने भागलं की जेमतेम ४ टन, आणि त्याचे ७५ टक्के म्हणजे ३ टन. दहाचे तीन झाले. ‘अंतर दुप्पट तर वजन निम्मं’ हा तोंडी हिशेब म्हणूनच घातक आहे. त्यात बूमचं स्वतःचं वजन आणि रेषेपासून मोजायचं अंतर या दोन्ही गोष्टी सुटतात.

दुसरी मर्यादा मजबुतीची. वजन लटकलं की बूमचा वरचा पत्रा ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. हुक क्रेनच्या जवळ ठेवून, बूम बराच उभा करून जड वजन उचललं तर क्रेन कलंडण्यापासून दूर असते, पण बूम, तो उचलणारा सिलिंडर किंवा दोर यांपैकी एखादा भाग आपल्या मर्यादेला पोचतो. टेलिस्कोपिक बूमचे आतले भाग बाहेरच्यांपेक्षा सडपातळ असतात. बूम लांब केला की हे सडपातळ भाग उघडे पडतात. म्हणून चार्टमध्ये तोच ८ मीटर रेडियस असला, तरी लांब बूमच्या रकान्यात आकडा सहसा कमी दिसतो. ‘रेडियस तोच आहे ना’ एवढं म्हणून भागत नाही, बूमची लांबीही पाहावीच लागते.

आता दोन्ही मर्यादा शेजारी ठेवू. ६ मीटर रेडियसला आपल्या क्रेनचा कलंडण्याचा हिशेब साधारण ३४ टनांची मुभा देतो, पण बूमची मजबुती २८ टनांपर्यंतच आहे असं धरू. चार्टमध्ये २८ छापलं जाईल. मागे आणखी ४ टन काउंटरवेट लावलं तर धरून ठेवणारा मोमेंट २६ टन-मीटरने वाढतो. २४ मीटरवरची क्षमता ३ वरून जवळपास ४ टन होते. ६ मीटरवर मात्र २८ चे २८ च राहतात, कारण काउंटरवेटने बूमचा पत्रा जाड होत नाही.

उलट, जागा नाही म्हणून आउटरिगर अर्धेच उघडले आणि रेषा २ मीटरवर आली, तर २४ मीटरवर ३ टनांचे जेमतेम १.५ टन उरतात. आणि ६ मीटरवर जिथे मजबुती आड येत होती, तिथे आता कलंडणं आधी येतं: २८ वरून थेट १७ टन. म्हणून अर्ध्या उघडलेल्या आउटरिगरसाठी वेगळा चार्ट असतो. पूर्ण चार्टचा आकडा अंदाजाने अर्धा करून काम चालवू नये. एक आउटरिगर अर्धा आणि बाकी पूर्ण असतील, तर निर्मात्याने तशी परवानगी दिली नसेल तोवर चार्ट सर्वांत कमी उघडलेल्याचाच घ्यावा.

काही चार्टमध्ये जाड रेष किंवा छटा देऊन कुठले आकडे मजबुतीचे आणि कुठले कलंडण्याचे, हे दाखवलेलं असतं. ऑपरेटरने ती रेष पाहायलाच हवी, कारण दोन्हीकडे धोक्याची चाहूल वेगळी असते. कलंडण्याच्या बाजूला मागचा आउटरिगर हलका होतो, त्याचा पॅड सुटा वाटतो. ‘मागचा जॅक उचलला की थांबू’ ही सवय मजबुतीच्या भागात जीवघेणी ठरते. तिथे क्रेन शेवटपर्यंत घट्ट उभी असते आणि बूमचा खालचा पत्रा एका क्षणात चेपतो.

चार्ट वाचताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. हुक ब्लॉक, शॅकल, स्लिंग यांचं वजन उचलायच्या वजनात धरायचं. आपला रेडियस दोन ओळींच्या मध्ये पडला तर मोठ्या रेडियसची ओळ घ्यायची, मधला आकडा काढत बसू नये. आणि रेडियस मोजायचा तो वजन लटकल्यावरचा. लांब बूम वजनाने वाकतो आणि हुक पुढे सरकतो, त्यामुळे रिकाम्या हुकाला बरोबर बसणारं वजन उचलल्यावर मर्यादेबाहेर जाऊ शकतं.

जमीन दबली तर दोन्ही मर्यादा एकदम ढासळतात. दोन बाजूंच्या पॅडमध्ये ६ मीटर अंतर असताना एक बाजू १० सेंटिमीटर खचली, तर क्रेन जवळजवळ १ अंश झुकते. टोक ३० मीटर उंच असेल तर हुक सुमारे अर्धा मीटर सरकतो. झुकाव वजनाच्या बाजूला असेल तर रेडियस वाढतो. आडवा असेल तर बूमवर बाजूने ताण येतो, आणि बूम त्या दिशेला सर्वांत कच्चा असतो. चार्टचे आकडे क्रेन समतल आहे असं धरूनच काढलेले असतात.

केबिनमधला लोड इंडिकेटरही ऑपरेटरने भरलेल्या माहितीवर चालतो. काउंटरवेट ८ टन असताना १२ निवडलं, तर २४ मीटरवर तो ४ टनांपर्यंत हिरवाच राहील. मर्यादेपलीकडे वजन गेल्याची शंका आली, तर बूम पूर्ण बाहेर काढून खालच्या पत्र्यावर उजेड तिरपा टाकावा. लाट, रंगाला पडलेल्या बारीक चिरा किंवा आत-बाहेर होताना अडकणारा भाग दिसला, तर तपासणी होईपर्यंत त्या बूमला हुक लावू नये.