क्लॉक स्लो करूनही न सुटणारा गोंधळ

साणंदच्या चिप टेस्टिंग प्लांटची बातमी आली की चॅनलवाले नॅनोमीटरचे आकडे सांगत बसतात, पण चिप टेस्ट करतात कशी हे कोणीच सांगत नाही, म्हणून त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, लॉकअप लॅच, सांगतो.

टेस्टच्या वेळी चिपमधले फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एकेक बिट (0 किंवा 1) धरून ठेवणारे छोटे सर्किट, एकापुढे एक जोडून रांग करतात, तिला स्कॅन चेन म्हणतात. समजा मुलं रांगेत पाट्या घेऊन बसलीत आणि घंटा झाली की प्रत्येकाने पुढच्याच्या पाटीवरचा आकडा आपल्या पाटीवर उतरवायचा. घंटा म्हणजे क्लॉक. आता 'अ' ला घंटा वेळेवर ऐकू आली पण त्याच्या मागच्या 'ब' ला उशिरा, तर ब मान वर करेपर्यंत अ ने नवा आकडा लिहिलेला असतो, ब तोच उतरवतो आणि जुना आकडा गायब.

आकड्यांत बघू. क्लॉक आल्यावर अ चा नवा बिट ब च्या दारात 0.2 नॅनोसेकंदात पोचतो. ब चा क्लॉक वेगळ्या फांदीवरून 0.8 ला येतो आणि जुना बिट 0.85 पर्यंत तसाच राहायला हवा. म्हणजे 0.65 कमी पडले, हेच होल्ड व्हायोलेशन. बऱ्याच जणांना वाटतं क्लॉक स्लो केला की सुटेल, पण नाही सुटत, कारण हे सगळं एकाच घंटेच्या आसपास घडतं, पुढची घंटा कधी होणार याच्याशी त्याचा संबंधच नाही. मध्ये बफर टाकून बिटला उशीर करता येतो, पण गरम-थंड झाल्यावर आणि व्होल्टेज बदलल्यावर तो उशीरही बदलतो.

यावरचा पक्का उपाय म्हणजे लॉकअप लॅच. हा दोघांच्या मध्ये बसवलेला, दारासारखा उघड-बंद होणारा एक लॅच, तोही अ च्याच क्लॉकवर चालणारा (ब च्या नाही, इथे चुकलं की सगळं मुसळ केरात). क्लॉकचा सिग्नल चक्राच्या पहिल्या अर्ध्यात वर असतो, तोपर्यंत तो बंद आणि जुना बिट धरून ठेवतो, दुसऱ्या अर्ध्यात सिग्नल खाली आला की उघडतो. शिफ्ट क्लॉक 50 मेगाहर्ट्झचा असेल तर पूर्ण चक्र 20 नॅनोसेकंदांचं, म्हणजे नवा बिट 10 च्या पुढेच सुटणार आणि ब ने तर 0.8 लाच जुना बिट निवांत उचललेला असतो. नव्याला पुढच्या घंटेपर्यंत, म्हणजे 20.8 पर्यंत, जवळजवळ 10 नॅनोसेकंद मिळतात. आणि मला भारी वाटतं ते हे की आता क्लॉक स्लो केल्याचा खरंच उपयोग होतो, अर्धं चक्र मोठं होतं ना! मर्यादाही तीच, दोन क्लॉकमधला फरक साधारण अर्ध्या चक्राच्या आत हवा.

लॅच विसरला तर कळतं कसं? चेनमधून `00110011` सोडून बघतात, कारण यात 0 चा 1, 1 चा 0 आणि तसेच राहणारे असे चारही प्रकार येतात. लॅच राहून गेलेली अशी एक जागा असेल तर पॅटर्न दुसऱ्या टोकाला एक क्लॉक आधीच बाहेर पडतो, जणू चेनमधला एक फ्लॉप कमी झालाय.