मधलं पद फोडताना 120 कुठून येतो?

x² + 5x + 6 चे अवयव बहुतेकांना तोंडी येतात. गुणाकार 6, बेरीज 5, म्हणजे 2 आणि 3. पण x² च्या डोक्यावर 1 सोडून दुसरा सहगुणक बसला की हात थांबतो. उदाहरणार्थ ही त्रिपदी घ्या:

6x² − 7x − 20

इथे नेहमीच्या सवयीने गुणाकार −20 आणि बेरीज −7 असलेली जोडी शोधली तर ती सापडतच नाही. पहिला सहगुणक आणि शेवटचं पद यांचा गुणाकार करायचा असतो: 6 × (−20) = −120. गुणाकार ऋण, म्हणजे एक संख्या धन आणि दुसरी ऋण. तेव्हा 120 चे असे दोन विभाजक हवेत, ज्यांच्यात 7 चा फरक आहे. जवळजवळच्या जोडीपासून सुरुवात केली की वेळ वाचतो. 10 आणि 12 मध्ये फरक 2, पुढची जोडी 8 आणि 15, फरक 7. बेरीज −7 हवी, म्हणून ऋण चिन्ह मोठ्या संख्येला: −15 आणि 8.

आता मधलं पद फोडू आणि दोन-दोन पदांतून सामाईक भाग बाहेर काढू:

6x² − 15x + 8x − 20
= 3x(2x − 5) + 4(2x − 5)
= (2x − 5)(3x + 4)

दोन्ही कंस सारखे आले, ही मधली तपासणी. 8x आधी लिहिलं तरी उत्तर तेच येतं, पण तिथे एक खड्डा आहे. 6x² + 8x − 15x − 20 मधल्या शेवटच्या दोन पदांतून −5 बाहेर काढला की आत 3x + 4 उरतं. घाईत तिथे 3x − 4 लिहिलं जातं आणि कंस जुळत नाहीत. अशा वेळी जोडी बदलायच्या आधी चिन्ह बघावं.

मग 20 ऐवजी 120 का? उलट्या बाजूने जाऊ:

(px + q)(rx + s) = prx² + (ps + qr)x + qs

मधल्या पदाचे दोन तुकडे ps आणि qr. त्यांचा गुणाकार pqrs, आणि पहिल्या सहगुणकाचा शेवटच्या पदाशी गुणाकार, pr × qs, हाही pqrs. म्हणजे अवयवांच्या गुणाकारात मिसळून गेलेले दोन तुकडे आपण परत वेगळे करतो. शाळेत ही ओळ फळ्यावर क्वचितच येते, म्हणून 120 जादूचा वाटतो.

त्रिपदी ax² + bx + c अशी लिहिली आणि जोडी सापडतच नसेल, तर b² − 4ac काढा. इथे 49 + 480 = 529, म्हणजे 23 चा वर्ग. आणि −15 व 8 मधलं अंतरही 23च आहे, कारण हे वर्गमूळ म्हणजे त्या दोन संख्यांमधला फरक. आता −7x च्या जागी −8x लिहून पाहा: 64 + 480 = 544. हा पूर्ण वर्ग नाही, म्हणून 6x² − 8x − 20 साठी पूर्णांकांची जोडीच नाही. तिथे वर्गसमीकरणाचं सूत्र वापरायचं.