‘प्रति सर्व्ह’ची पार्श्वभूमी: पाकिटावरील लहान आकडे कोठून आले

अमेरिकेतील दुकानांत तवा किंवा साचा तेलकट करण्यासाठी तेलाचे फवारे मिळतात. डब्यात जवळजवळ सगळे तेलच असते, तरी मागच्या तक्त्यात कॅलरी शून्य आणि स्निग्धांशही शून्य असे छापलेले असते. हा आकडा खोटा नाही, कायद्याला धरूनच आहे. तेथे एका वेळचे प्रमाण, म्हणजेच एक ‘सर्व्ह’, पाव सेकंदाचा फवारा, म्हणजे सुमारे 0.25 ग्रॅम तेल, असे धरले आहे. एक ग्रॅम तेलातून 9 कॅलरी मिळत असल्याने पाव सेकंदात सव्वादोन कॅलरी होतात, आणि अमेरिकी नियमानुसार 5 पेक्षा कमी कॅलरी व अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी स्निग्धांश शून्य म्हणून दाखवता येतात. प्रत्यक्षात पाव सेकंदावर कोणाचेही बोट थांबत नाही. दोन सेकंद फवारा मारला की 2 ग्रॅम तेल आणि 18 कॅलरी तव्यावर पडतात. ‘टिक टॅक’च्या गोळ्यांचेही असेच आहे. एका गोळीचे वजन 0.49 ग्रॅम आणि एका वेळचे प्रमाण एक गोळी, त्यामुळे बहुतांशी साखरेच्याच असलेल्या या गोळ्यांच्या अमेरिकी वेष्टनावर साखर शून्य ग्रॅम दिसते.

एका वेळचे प्रमाण कोणी ठरवायचे, हा या सगळ्या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. अमेरिकेत 1973 साली पोषणमूल्यांच्या तक्त्याचे नियम आले, पण ज्या पदार्थात पोषक द्रव्य वरून घातले आहे किंवा ज्याच्याविषयी पोषणाचा दावा केला आहे, त्यांच्यापुरतीच त्यांची सक्ती होती आणि प्रमाण उत्पादकच ठरवत असे. कॅलरी कमी दाखवायच्या तर पदार्थ बदलण्याची गरज नव्हती, प्रमाण लहान केले की काम भागत असे. हा मोकळेपणा 1990 च्या पोषण लेबल कायद्याने काढून घेतला. एका वेळचे प्रमाण म्हणजे लोक सर्वसाधारणपणे जेवढे खातात तेवढे, अशी व्याख्या कायद्यातच आली. 1970 आणि 1980 च्या दशकांतील आहार-पाहण्यांच्या आधारे अन्न व औषध प्रशासनाने शंभरहून अधिक प्रकारच्या पदार्थांची संदर्भ प्रमाणे 1993 मध्ये निश्चित केली, आणि 1994 पासून आज परिचित असलेला काळ्या चौकटीतला तक्ता पाकिटांवर दिसू लागला.

पाहणीवर आधारलेले प्रमाण मात्र पाहणीच्या काळाशी बांधलेले राहते. आइस्क्रीमचे प्रमाण अर्धा कप धरले होते, पण पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत लोकांचे खाणे वाढले आणि तक्ता मागे राहिला. म्हणून 2016 मध्ये ते दोन-तृतीयांश कप करण्यात आले, तर शीतपेयाचे प्रमाण 8 औंसांवरून 12 औंसांवर नेण्यात आले. 20 औंसांच्या ज्या बाटलीच्या तक्त्यात पूर्वी अडीच प्रमाणे मोजली जात, ती आता एकाच वेळी संपणारी बाटली म्हणून धरली जाते. माझ्या मते ही दुरुस्ती आधीच्या सर्व बदलांपेक्षा प्रामाणिक होती, कारण तिने पदार्थाऐवजी माणसाच्या हाताकडे पाहिले.

भारताची वाट थोडी वेगळी आहे. 1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांत सप्टेंबर 2008 मध्ये दुरुस्ती होऊन पोषणमूल्यांचा तक्ता सक्तीचा झाला. पुढे 2006 च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली 2011 मध्ये आलेल्या नियमांनीही तीच रचना ठेवली. तिच्यातील एक शब्द महत्त्वाचा आहे: माहिती 100 ग्रॅममागे, 100 मिलिलिटरमागे ‘किंवा’ प्रति सर्व्ह द्यावी. या ‘किंवा’मुळे आकडा कोणत्या मापात दाखवायचा हे उत्पादकाच्या हातात राहिले, आणि सर्व्ह किती ग्रॅमची असावी याचा अमेरिकेसारखा पदार्थवार तक्ता येथे कधीच नव्हता. ‘ट्रान्स फॅट मुक्त’ या दाव्याची अटही तेव्हा 0.2 ग्रॅमपेक्षा कमी, पण प्रति सर्व्ह अशीच होती. म्हणजे सर्व्ह लहान केली की तोच पदार्थ मुक्त ठरू शकत होता. 2018 च्या जाहिरात व दावे यांविषयीच्या नियमांनी हा दावा 100 ग्रॅमशी बांधला आणि ती पळवाट बंद झाली. ‘लो कॅलरी’ म्हणायचे तर घन पदार्थात 100 ग्रॅममागे 40 आणि पेयात 100 मिलिलिटरमागे 20 कॅलरी ही मर्यादाही त्याच नियमांत आहे.

2020 च्या लेबलिंग नियमांनी तक्त्यातले ‘किंवा’ही जवळजवळ काढून टाकले. आता आकडे 100 ग्रॅममागे, 100 मिलिलिटरमागे किंवा एका वेळी संपणाऱ्या पूर्ण पाकिटामागे द्यावे लागतात. मिसळलेली साखर आणि सोडियम हेही सक्तीने आले. मात्र दिवसाच्या गरजेच्या किती टक्के, हा रकाना प्रति सर्व्हच राहिला, आणि डोळा आधी त्याच टक्क्यावर जातो.

याचा परिणाम एका उदाहरणावर पाहता येतो. समजा 200 ग्रॅम शेवेचे पाकीट आहे, 100 ग्रॅममागे 540 कॅलरी आणि 800 मिलिग्रॅम सोडियम आहे, आणि सर्व्ह 20 ग्रॅमची धरली आहे. टक्केवारीच्या रकान्यात कॅलरी 5.4 टक्के आणि सोडियम 8 टक्के दिसेल. पण 20 ग्रॅम शेव म्हणजे जेमतेम एक मूठ. चहाबरोबर वाटीभर घेणारा माणूस 60 ग्रॅम सहज संपवतो, आणि त्याच्या पोटात 324 कॅलरी व 480 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे 1.2 ग्रॅम मीठ, जाते. दिवसाला 2000 मिलिग्रॅम या सोडियमच्या मर्यादेचा जवळजवळ चौथा भाग एका वाटीत भरतो. सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते, एवढा हिशेब लक्षात ठेवला तरी पुरतो. आपण खाल्लेली वाटी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर एकदा मोजून पाहावी आणि मग 100 ग्रॅमचा रकाना वाचावा. सर्व्ह किती ग्रॅमची छापली आहे याला मग फारसा अर्थ उरत नाही.

टक्केवारीचा दुसरा पाया म्हणजे 2000 कॅलरींचा दिवस. हा आकडा सर्वांसाठी एकच धरला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींत बैठे काम करणाऱ्या पुरुषाची गरज 2110 आणि तसेच काम करणाऱ्या स्त्रीची 1660 कॅलरी धरली आहे. वरची वाटी छापील हिशेबाने दिवसाच्या 16 टक्के होते, पण अशा स्त्रीच्या बाबतीत ती साडेएकोणीस टक्क्यांवर जाते.

जुलै 2024 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने साखर, मीठ आणि संपृक्त स्निग्धांश यांची माहिती ठळक व मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. मात्र त्या प्रस्तावातही ठळक करावयाची टक्केवारी प्रति सर्व्हच आहे, त्यामुळे 20 ग्रॅमच्या सर्व्हवर काढलेले 8 टक्के मोठ्या अक्षरांतही 8 टक्केच दिसतील.