कॅलेंडरवरच्या खुणांवरून पाळीचा तक्ता: आम्ही तो कसा तयार करतो

पाळी अनियमित आहे म्हणून डॉक्टरांकडे गेलं की पहिले प्रश्न ठरलेले असतात. गेल्या सहा महिन्यांत पाळी कोणत्या तारखांना आली? किती दिवस राहिली? किती गेलं? उत्तरं घरातच असतात, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, पण ती तिथून वाचून दाखवता येत नाहीत. आम्ही त्या पानांचे फोटो घेऊन एका पानाचा तक्ता करून देतो. तो कसा बनतो हे या पत्रकात दिलं आहे. पानं पाठवताना सोबत काय लिहून द्यायचं ते यावरून कळेल. तक्ता घरीच करायचा असेल तर तोही यावरून करता येईल.

खूण कशाची आहे?

सर्वांत जास्त वेळ खुणा ओळखण्यात जातो. एकाच चौकोनात दुधाचा हिशोब, सिलिंडरची तारीख आणि पाळीची फुली असते. दूधवाल्याच्या खाड्यालाही फुलीच करतात. घरात आई आणि मुलगी एकाच कॅलेंडरवर खुणा करत असतील तर दोघींच्या पाळ्या मिळून दर पंधरा दिवसांनी पाळी येतेय असं चित्र दिसतं. म्हणून फोटोसोबत दोन ओळी लिहून पाठवा: तुमची खूण कोणती, आणि ती कधी करता? पाळी सुरू झाल्यावर एकदाच, की रक्तस्राव असेल त्या प्रत्येक दिवशी? एकदाच करत असाल तर पाळी किती दिवस चालली हे खुणेवरून काढता येत नाही. तिथे आम्ही अंदाज न लिहिता प्रश्नचिन्ह ठेवतो.

रिकाम्या चौकोनाचंही तसंच. त्या दिवशी रक्तस्राव नव्हता, की लिहायचं राहिलं? माहेरी गेलात, आजारी होतात, कॅलेंडर जवळ नव्हतं, तर ते दिवस कोरडे धरायचे नाहीत. नोंदच नसलेले दिवस आम्ही वेगळ्या रंगात दाखवतो. आणखी एक विनंती: नवीन वर्ष लागलं की जुनं कॅलेंडर रद्दीत जातं आणि डिसेंबरची शेवटची पाळी त्याच्यासोबत जाते. ते पान फाडून ठेवा.

पहिला दिवस कोणता?

चक्राची लांबी एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजतात. पाळी संपल्यापासून नाही. पहिला दिवस म्हणजे पॅड घ्यावं लागलं तो पहिला दिवस. त्याआधी नुसते डाग दिसले असतील तर ते वेगळे लिहायचे, चक्र त्यांच्यापासून मोजायचं नाही. पाळी मध्ये एक दिवस थांबून पुन्हा सुरू झाली तर आम्ही ती एकच धरतो. दोन किंवा जास्त कोरडे दिवस गेल्यावर फक्त डाग आले तर तो ‘मधला रक्तस्राव’. हा नियम आम्ही प्रत्येक तक्त्याखाली छापतो, कारण डॉक्टरांना वेगळ्या नियमाने मोजायचं असेल तर आधी कशाने मोजलं आहे ते त्यांना दिसायला हवं.

हा नियम इतका ताणून का धरायचा, ते नमुन्यातून लगेच कळेल. खालची नोंद समजावण्यासाठी रचलेली आहे. वय ४१, वर्ष २०२५, आणि कॅलेंडरवर एवढंच लिहिलेलं: ६ मे ‘आली’, २९ आणि ३० मे ‘डाग’, ३१ मे ‘आली’, १८ आणि १९ जून ‘थोडं’, ८ जुलै ‘खूप, गाठी’, ५ ऑगस्ट ‘आली’, २९ ऑगस्ट ‘गोळ्या’, ९ सप्टेंबर ‘आली’, २ ऑक्टोबर ‘आली’. पाळी कधी संपली आणि कोणत्या दिवशी किती गेलं, ते फोनवर विचारून घेतलं.

२९ मेचा डाग पहिला दिवस धरला तर पहिलं चक्र २३ दिवसांचं होतं. ३१ मे धरला तर २५. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिगोने, २०१८ मध्ये २४ ते ३८ दिवसांचं चक्र नेहमीचं मानलं आहे. म्हणजे दोन दिवसांच्या डागामुळे ठीक असलेलं चक्र ‘फार लवकर’ या रकान्यात जाऊन बसलं असतं.

जूनमधली चूक याहून मोठी झाली असती. १८ जूनचं ‘थोडं’ नवीन पाळी समजलं तर १८ आणि १९ दिवसांची दोन छोटी चक्रं तयार होतात. विचारल्यावर कळलं की दोन्ही दिवस पॅड लागलं नव्हतं. मग ते मधले डाग ठरले आणि चक्र एकच उरलं, ३७ दिवसांचं. नोंद तीच, पण डॉक्टरांसमोर जाणारा प्रश्न अगदी वेगळा.

जुलैत लिहिलेली तारीख ८ आहे, पण पाळी आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, उपवास सोडला तेव्हा सुरू झाल्याचं पक्कं आठवत होतं. एकादशी ६ जुलैला होती, म्हणून पहिला दिवस ७ जुलै. तारीख आठवत नसेल तर तिथी, सण, मुलाची परीक्षा यांवरून आठवून पाहा. तिथी कॅलेंडरवर छापलेलीच असते. तरीही पक्कं ठरत नसेल तर ‘७ किंवा ८ जुलै’ असं लिहा. आम्ही दोन्ही तारखांनी चक्र मोजून देतो.

गणपतीच्या गोळ्या

घरी गणपती, सत्यनारायण किंवा लग्न असलं की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या जातात. बहुतेक वेळा त्या नोरएथिस्टेरॉनच्या असतात. गोळ्या थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो, काहींना आणखी उशीर लागतो. तो गोळी बंद झाल्यामुळे आलेला असतो, शरीराने आपल्या वेळेला आणलेला नसतो. नमुन्यात २९ ऑगस्टला सुरू केलेल्या गोळ्या अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरला थांबल्या आणि ९ तारखेला रक्तस्राव आला. ते ३५ दिवसांचं चक्र आणि त्याच्या पुढचं, दोन्ही आम्ही तक्त्यात दाखवतो, पण नियमितपणा ठरवताना धरत नाही. गोळी घेतल्याचं बऱ्याच जणी सांगायला विसरतात, सणासाठी घेतलेली गोळी औषधात धरत नाहीत म्हणून. कॉपर टी, गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांच्या तारखाही लिहा.

किती गेलं?

फक्त पॅडची संख्या दिशाभूल करते. कुणी सवयीने दर तीन तासांनी बदलते, तर कुणी सकाळी विरारहून चर्चगेटची लोकल पकडून ऑफिसला पोहोचेपर्यंत बदलूच शकत नाही. तिचे आकडे कमी दिसतात, रक्त तेवढंच जातं. म्हणून पॅड किती भरलं हे विचारून आम्ही रोजचा एक आकडा देतो. ० म्हणजे कोरडा दिवस. १ म्हणजे डाग, पॅडची गरज नाही. २ म्हणजे पॅड लागलं पण चार-सहा तासांत भरलं नाही. ३ म्हणजे तीन-चार तासांत भरलं. ४ म्हणजे तासा-दोन तासांत भरलं, किंवा रात्री उठून बदलावं लागलं, किंवा सुमारे अडीच सेंटिमीटरच्या, म्हणजे दहाच्या नाण्याहून किंचित लहान, गाठी पडल्या.

हे आकडे एकामागोमाग लिहिले की पाळीची चाल दिसते:

| पहिला दिवस | चक्र (दिवस) | रक्तस्राव (दिवस) | रोजचा प्रवाह | नोंद |
|---|---|---|---|---|
| ६ मे | २५ | ६ | २३३२२२ | २९, ३० मे डाग |
| ३१ मे | ३७ | ६ | २३३३२२ | १८, १९ जून मधले डाग |
| ७ जुलै | २९ | १० | ३४४४३३२२२२ | गाठी |
| ५ ऑगस्ट | ३५ | ६ | २३३३२२ | २९ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर गोळ्या |
| ९ सप्टेंबर | २३ | ६ | ३४३२२२ | गोळ्या थांबवल्यावर |
| २ ऑक्टोबर | चालू | | | |

गोळ्यांची दोन चक्रं सोडली की २५, ३७ आणि २९ उरतात. त्यांची सरासरी ३० च्या आसपास येते आणि सगळं ठीक वाटतं. म्हणून आम्ही सरासरी छापतच नाही. सर्वांत लांब आणि सर्वांत लहान चक्रातला फरक पाहायचा, तो इथे १२ दिवस आहे. फिगोच्या मोजणीत २६ ते ४१ वयाला ७ दिवसांपर्यंतचा फरक नियमित धरतात, १८ ते २५ आणि ४२ ते ४५ या वयांत ९ पर्यंत. रक्तस्राव ८ दिवसांच्या पुढे गेला तर तो लांबलेला मानतात, म्हणून जुलैचे दहा दिवस लांबलेले ठरतात. तीन चक्रं ही थोडी नोंद आहे. फरक दिसतो, पण तो पुढेही राहतो का हे पाहायला आणखी काही महिन्यांची पानं लागतात. आणि अनियमितपणा का आहे हे तक्ता सांगत नाही, ते डॉक्टरच तपासून सांगतील.

घरी स्प्रेडशीटमध्ये करायचं असेल तर

`B` रकान्यात पहिला दिवस, `C` मध्ये रक्तस्रावाचा शेवटचा दिवस. तारीख `2025-05-06` अशी टाका. `6/5/2025` टाकली तर काही ठिकाणी ती ५ जून म्हणून बसते आणि चक्र एकदम महिन्याने चुकतं.

```
=B3-B2
=C2-B2+1
```

पहिल्या सूत्राने चक्राची लांबी मिळते, दुसऱ्याने रक्तस्रावाचे दिवस. एकात `+1` आहे आणि एकात नाही, आणि चुका इथेच होतात. ६ ते ११ मे रक्तस्राव होता, तर ६ आणि ११ दोन्ही दिवस मोजायचे, म्हणून सहा. चक्रात मात्र पुढच्या पाळीचा पहिला दिवस पुढच्या चक्राचा असतो, तो दोनदा मोजायचा नाही. बोटांवर मोजताना तो हमखास दोनदा मोजला जातो आणि प्रत्येक चक्र एक दिवसाने वाढतं. बेरीज करून ही चूक पकडता येते: २५ + ३७ + २९ + ३५ + २३ = १४९, आणि ६ मे ते २ ऑक्टोबर हे अंतरही १४९ दिवसच आहे. दोन्ही जुळत नसतील तर एखाद्या ओळीत चूक आहे.

पॅड तासाभरात भरतंय आणि असं दोन तासांहून जास्त चाललंय, किंवा चक्कर येतेय, तर तक्त्यासाठी थांबू नका, थेट रुग्णालयात जा. पाळी बारा महिने बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त जातंय, किंवा गर्भ असण्याची शक्यता आहे, तर आधी डॉक्टरांना दाखवा. पानं आम्ही नंतर घेऊ.

शेवटच्या ओळीत ‘चालू’ का लिहिलं ते सांगायचं राहिलं. २ ऑक्टोबरचं चक्र अजून पूर्ण झालेलं नाही. डॉक्टरांकडे २१ ऑक्टोबरला जात असाल तर तिथे १९ किंवा २० लिहू नका, छोटं चक्र म्हणून वाचलं जाईल. ‘चालू, आज २० वा दिवस’ असं पेन्सिलने लिहा, आणि पुढची पाळी आली की खोडून खरा आकडा भरा.