आरसा वर असतानाचा अर्धा मीटर

खानापूरकडच्या लाल मातीत शर्यतीची बैलगाडी समोरून येतेय. वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. बैल १० मीटरवर आले की २०० मिलिमीटरच्या लेन्सला, एफ २.८ वर, फुल फ्रेम कॅमेऱ्यात जेमतेम ४० सेंटिमीटरचा पट्टा शार्प मिळतो. बटण दाबल्यावर लेन्समागचा आरसा वर जाऊन शटर उघडायला सेकंदाचा विसावा भाग लागला, तरी तेवढ्यात बैल अर्धा मीटर पुढे आलेला असतो. फोकस बसला होता, पण बैल तिथे राहिला नाही.

आधीच्या पिढीने यावर वेगाचा उपाय शोधला. कॅननने १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी सेकंदाला १४ फ्रेम काढणारा एफ-१ बनवला. त्यातला अर्धपारदर्शक आरसा हलतच नसे. फोकस मात्र हातानेच करावा लागे. पुढच्याच वर्षी मिनोल्टा ७००० ने ऑटोफोकस सर्वांपर्यंत आणला. थांबलेल्या माणसावर तो छान बसे, धावणाऱ्याच्या मात्र मागे पडे.

खरं वळण १९८८चं. मिनोल्टा ७०००आय एकामागोमाग अंतरं मोजून विषयाचा वेग काढू लागला आणि शटर उघडेल तेव्हा तो कुठे असेल, तिथे लेन्स आधीच नेऊ लागला. माझ्या मते हलत्या विषयावर फोकस धरण्याच्या विद्येतली सर्वांत मोठी कल्पना हीच. १९९६च्या निकॉन एफ५ ने ती सेकंदाला ८ फ्रेमपर्यंत नेली. त्या वेगाने ३६ फोटोंचा रोल साडेचार सेकंदांत संपे, त्यामुळे बटण कधी दाबायचं हे नीट ठरवूनच दाबावं लागे. डिजिटल आल्यावर रोलचा खर्च गेला, पण आरसा राहिला. तो वर असताना फोकसच्या सेन्सरपर्यंत प्रकाश पोचत नाही, तेवढा वेळ तो आंधळाच. बैल सरळ येतो, म्हणून अंदाज जुळतो. भीमगडच्या रानात दोन झाडांमधून वळणारा धनेश मात्र नेमका त्याच आंधळ्या फटीत दिशा बदलतो.

आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जाऊ लागला आणि ही फट मिटत गेली. २०१७चा सोनी ए९ सेकंदाला २० फ्रेम काढताना ६० वेळा फोकसचं गणित करतो. तरी काही कॅमेरे सर्वांत वेगवान बर्स्टमध्ये पहिल्या फ्रेमचाच फोकस धरून ठेवतात. आपल्या कॅमेऱ्याचं मॅन्युअल यासाठी जरूर पाहावं.

चूक कुठली, ते फोटोतली मातीच सांगते. बैलाच्या मागची ढेकळं कोरल्यासारखी आणि नाक धूसर असेल, तर फोकस मागे राहिला. पायांपुढची माती शार्प असेल, तर अंदाज पुढे धावला. माती कुठेतरी स्वच्छ आहे, पण फक्त खुरांचेच फराटे उठलेत, तर दोष शटरच्या वेगाचा. तिथे १/१००० च्या वर जावं लागतं.