दिव्यांचे रंगतापमान : शयनकक्ष व भोजनकक्षाच्या रेंडरमधील तुलना

दिव्याचा प्रकाश पिवळसर आहे की निळसर, हे केल्व्हिन या एककात सांगणाऱ्या मापाला रंगतापमान म्हणतात. पडलेला सगळा प्रकाश शोषून घेणारी आदर्श कृष्णवस्तू तापवत नेली, की तिचा प्रकाश आधी तांबूस, मग पिवळसर, पुढे पांढरा आणि शेवटी निळसर होतो. दिव्याचा रंग ज्या तापमानाच्या कृष्णवस्तूशी जुळतो, तो आकडा त्या दिव्याला लावला जातो. त्यामुळे लहान आकड्याचा प्रकाश डोळ्यांना उबदार आणि मोठ्या आकड्याचा थंड वाटतो. मेणबत्तीची ज्योत सुमारे 1900, जुना तारेचा बल्ब सुमारे 2700 आणि हॅलोजन दिवा सुमारे 3000 केल्व्हिनचा असतो, तर दिवसाच्या पांढऱ्या उजेडासाठी 6500 केल्व्हिन हा आकडा धरतात. ब्लेंडर, व्ही-रे, कोरोना यांसारख्या प्रणालींत खोलीचे चित्र, म्हणजे रेंडर, तयार करताना दिव्याला हाच आकडा देता येतो.

मात्र केवळ दिव्याला दिलेल्या आकड्यावरून चित्रातला रंग ठरत नाही. कॅमेऱ्याचा श्वेतसमतोल कोणत्या तापमानाला पांढरे मानतो, यावरही तो अवलंबून असतो. खोलीत सगळेच दिवे 2700 केल्व्हिनचे ठेवले आणि श्वेतसमतोलही 2700 वर आणला, तर चादर पांढरीच दिसते आणि उबदारपणा कुठेच उरत नाही. उलट श्वेतसमतोल 6500 वर तसाच राहू दिला, तर हेच दिवे सारी खोली नारिंगी करून टाकतात. नवशिक्यांच्या बहुतेक भडक शयनकक्षांचे कारण हेच असते. दिव्याचा आकडा चुकलेला नसतो, समतोलाकडे लक्ष गेलेले नसते.

हा फरक मोजण्यासाठी केल्व्हिनची थेट वजाबाकी उपयोगी पडत नाही, कारण 2700 आणि 3000 यांतला फरक डोळ्यांना सहज कळतो, पण 6200 आणि 6500 यांतला जेमतेम जाणवतो. म्हणून छायाचित्रण आणि प्रकाशयोजनेत मायरेड हे माप वापरतात. दहा लाखांना केल्व्हिनच्या आकड्याने भागले की ते मिळते. 2700 केल्व्हिन म्हणजे सुमारे 370 मायरेड, 4000 म्हणजे 250, 6500 म्हणजे सुमारे 154 आणि 10000 म्हणजे 100. दिवा व श्वेतसमतोल यांतील मायरेड-अंतर जितके मोठे, तितकी रंगाची झाक गडद.

संध्याकाळच्या शयनकक्षाचे उदाहरण घेऊ. पलंगाच्या दोन्ही बाजूंना 2700 केल्व्हिनचे दोन दिवे आहेत आणि खिडकीतून सूर्यास्तानंतरच्या आकाशाचा सुमारे 10000 केल्व्हिनचा उजेड येतो आहे. श्वेतसमतोल 6500 वर असता दिव्यांचे अंतर 216 मायरेड होते आणि खिडकीचे अवघे 54. उशा केशरी दिसतात, पण बाहेरची सांज जाणवत नाही. समतोल 3200 वर, म्हणजे सुमारे 312 मायरेडवर, नेला तर दिवे जवळजवळ पांढरे होतात आणि खिडकी गर्द निळी होऊन खोलीवर कुरघोडी करते. 4000 वर मात्र दिवे उबदार बाजूला 120 आणि खिडकी थंड बाजूला 150 मायरेडवर राहते. दोन्ही रंग एकमेकांना उठाव देतात, आणि विसाव्याची जी भावना अपेक्षित असते, ती या परस्परविरोधातून येते. त्याच जागी 4000 केल्व्हिनचे दिवे लावले, तर पलंगाभोवतीचा प्रकाश रंगहीन होतो आणि खोली निजण्याची न वाटता एखाद्या रुग्णालयातली वाटू लागते.

उजेड किती आहे, हेही येथे बघावे लागते. डच संशोधक क्रुइटहॉफ यांनी 1941 मध्ये असे मांडले की मंद उजेडात कमी रंगतापमान सुखद वाटते आणि थंड प्रकाश उदास भासतो. नंतरच्या प्रयोगांतून हा नियम जसाच्या तसा सिद्ध झालेला नाही, तरी मंद शयनकक्षाच्या चित्रासाठी सुरुवात म्हणून तो हाताशी ठेवण्याजोगा आहे.

भोजनकक्षात कसोटी वेगळी असते, कारण तेथे नजर ताटावर जाते. टेबलावर लोंबता दिवा 2700 केल्व्हिनचा, छताच्या कडेने लपवलेली पट्टी 4000 केल्व्हिनची आणि श्वेतसमतोल 3500 वर, म्हणजे सुमारे 286 मायरेडवर, असा संच घेतला, तर दिवा 84 मायरेड उबदार आणि पट्टी 36 मायरेड थंड पडते. टेबल आपोआप खोलीचे केंद्र होते. पण वाढलेला पांढरा भात साखरभातासारखा दिसू लागला, तर उबदारपणा जास्त झाला असे समजावे आणि लोंबता दिवा 3000 वर न्यावा; मग अंतर 47 मायरेडवर येते. त्याच समतोलात हा दिवा 6500 केल्व्हिनचा केला, तर वरणाच्या पिवळ्या रंगावर हिरवट झाक येते आणि सागवानी टेबल करडे पडते. जेवणाच्या चित्रात याहून मोठा दोष क्वचितच असेल.

तुलना न्याय्य व्हायची तर फक्त रंग बदलला पाहिजे, तेजस्विता नव्हे. ब्लेंडरमधील Blackbody हा नोड तापमान बदलले तरी तेजस्विता जवळपास कायम राखतो; रंगपेटीतून हाताने नारिंगी निवडल्यास मात्र निळा व हिरवा घटक घटून दिवा मंदही होतो, आणि आवडनिवड रंगामुळे झाली की उजेडामुळे, हे सांगता येत नाही. याहून चांगला मार्ग म्हणजे प्रत्येक दिव्याचा प्रकाश स्वतंत्र थरात साठवणाऱ्या Light Groups या सोयीत प्रत्येक दिवा वेगळा ठेवून सगळे दिवे पांढरेच रेंडर करणे आणि नंतर प्रत्येक थराला हव्या तापमानाच्या रंगाने गुणणे. लाल, हिरव्या व निळ्या घटकांचा हिशेब स्वतंत्र आणि रेषीय असल्याने असे गुणलेले चित्र नव्याने केलेल्या रेंडरइतकेच अचूक असते. अट एवढीच, की गुणाकार AgX किंवा Filmic यांसारखे, रेंडरमधील प्रकाशाचे आकडे पडद्यावरच्या रंगांत बदलणारे दृश्य-रूपांतर लागू होण्यापूर्वी व्हावा. व्ही-रे आणि कोरोना यांतील LightMix ही सोय याच तत्त्वावर चालते.

उबदार दिव्यांत दोन दोष वारंवार दिसतात. क्रीम रंगाच्या भिंतीवरून प्रकाश दोन-तीनदा परावर्तित झाला, की प्रत्येक वेळी निळा घटक आणखी कमी होतो आणि कोपरे दिव्याहूनही नारिंगी होतात. कापडी शेडमधून गाळून येणाऱ्या प्रकाशाचेही असेच होते. अशा वेळी बल्ब 3000 वर ठेवून शेडमधून बाहेर पडणारा रंग तपासावा. दुसरा दोष दिव्याच्या अगदी जवळ दिसतो. Standard या रूपांतरात लाल घटक आधी कमाल मर्यादेला पोहोचतो आणि शेडभोवती सपाट पिवळा डाग उरतो. AgX मध्ये तोच भाग हळूहळू पांढुरका होत जातो.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. तीन घटकांच्या रेंडरमध्ये दिव्याचा पूर्ण वर्णपट नसतो. त्यामुळे एकाच रंगतापमानाच्या चांगल्या आणि स्वस्त एलईडी दिव्यांखाली अन्नाचा किंवा कापडाचा रंग प्रत्यक्षात वेगळा दिसत असला, तरी रेंडरमध्ये तो फरक उमटत नाही. शिवाय भारतात 6500 केल्व्हिनचे दिवे घरोघरी वापरात आहेत. 2700 केल्व्हिनचे रेंडर पसंत केलेल्या घरमालकाने सवयीने 6500 चेच दिवे आणून लावले, तर त्याला चित्रातली खोली मिळत नाही. म्हणून चित्रासोबत प्रत्येक दिव्याचा केल्व्हिन-आकडा विद्युत आराखड्यावर लिहून देणे इष्ट ठरते.