पंपाचा कार्यबिंदू

सेंट्रिफ्युगल पंप किती पाणी देईल, हे एकटा पंप ठरवत नाही. पंप आणि त्याला जोडलेली पाइपलाइन मिळून ते ठरवतात. दोघांचे आलेख एकाच कागदावर काढले की ते जिथे एकमेकांना छेदतात, तो कार्यबिंदू. दुकानात त्याला ड्युटी पॉइंट म्हणतात. पंप चालू असताना त्याच बिंदूवर स्थिरावतो. सोलापूर जिल्ह्यासारख्या पर्जन्यछायेच्या भागात हा बिंदू वर्षभर एका जागी राहत नाही. इथल्या काळ्या पाषाणातल्या विहिरींची पातळी पावसाळ्यानंतर वर असते आणि मे महिन्यात तळाकडे जाते. पंप तोच, पाइप तोच, तरी पाणी कमी येते. मग पंप बिघडला की नुसतीच पातळी उतरली, हा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर पंपाच्या आलेखावर, म्हणजे कर्व्हवर मिळते.

कंपनीच्या पत्रकात पंपाचा कर्व्ह छापलेला असतो. आडव्या अक्षावर प्रवाह, म्हणजे सेकंदाला किती लिटर. उभ्या अक्षावर हेड, म्हणजे पंप पाण्याला जेवढ्या मीटर उंचीइतका जोर देतो तो. व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना हेड सर्वांत जास्त असते आणि प्रवाह वाढेल तसा कर्व्ह खाली उतरतो. नेमप्लेटवर एक आकडा ठळक दिसला म्हणून ‘हा ३४ मीटरचा पंप’ असे म्हणणे चुकीचे आहे, कारण तेवढ्या हेडला त्यातून थेंबही बाहेर पडत नसेल. त्याच कागदावर कार्यक्षमतेचा डोंगरासारखा आलेख असतो. त्याच्या माथ्याजवळ पंप चालला तर वीज सार्थकी लागते. तिसरा आलेख मोटरवर येणाऱ्या भाराचा. विहिरीवरच्या नेहमीच्या पंपांत प्रवाह वाढला की भारही वाढतो. त्यामुळे विहिरीजवळच पाइप निखळून पाणी मोकळे वाहू लागले, तर हेड घटूनही मोटर जास्त करंट घेते. पाणी भरपूर दिसते आणि वाइंडिंग तापत असते.

आता पाइपलाइनचा आलेख. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे विहिरीतल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून पाइपच्या वरच्या तोंडापर्यंतची उभी उंची, म्हणजे स्थिर हेड. प्रवाह शून्य असला तरी ती चढावीच लागते. दुसरा भाग घर्षणाचा. तो साधारण प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. प्रवाह दुप्पट झाला तर घर्षण चौपट होते. म्हणून हा आलेख स्थिर हेडपासून सुरू होऊन वर वळत जातो.

उदाहरणादाखल सांगोला भागातली एक डाळिंबाची बाग घेऊ. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून निवडले आहेत. विहिरीत ५ एचपीचा ओपनवेल सबमर्सिबल पंप आहे. तो पाण्यातच असल्याने सक्शनची अडचण नाही. पाइप ९० मिमीचा, आतला व्यास सुमारे ८४ मिमी, लांबी २५० मीटर, आणि तो जमिनीपासून १२ मीटर उंचावरच्या शेततळ्यात सुटतो. पंपाचा कर्व्ह असा: प्रवाह शून्य असताना ३४ मीटर, सेकंदाला ४ लिटरला ३२, ८ लिटरला २६, १२ लिटरला १६. सेकंदाला ८ लिटर वाहताना पाइपातले घर्षण साडेसहा मीटरच्या आसपास भरते. बेंड, पाणी उलटे फिरू न देणारा एनआरव्ही, व्हॉल्व्ह धरून ते ८ मीटर मानू.

ऑक्टोबरात पाणी जमिनीखाली ६ मीटरवर आहे. स्थिर हेड ६ आणि १२ मिळून १८. सेकंदाला ८ लिटर वाहताना घर्षण ८, एकूण २६. पंपही ८ लिटरला बरोबर २६ देतो. हाच कार्यबिंदू. मे महिन्यात पाणी १५ मीटरवर गेले की स्थिर हेड २७ होते आणि पाइपचा आलेख सगळाच ९ मीटर वर सरकतो. आता छेद ५.३ लिटरला होतो, हेड साधारण ३०.५ मीटर. पाणी एक तृतीयांशाने कमी झाले आणि पंप पूर्णपणे ठणठणीत आहे. मोठा पाइप टाकला तर? ११० मिमीच्या पाइपात घर्षण निम्म्याहून कमी होते. ऑक्टोबरात ८ चे सुमारे साडेनऊ लिटर होतात, पण मे महिन्यात ५.३ चे जेमतेम ६.४. पाइप बदलून घर्षणच कमी होते. उतरलेली पातळी तो भरून काढू शकत नाही, आणि कडक उन्हाळ्यात एकूण हेडमध्ये बहुतेक वाटा स्थिर हेडचाच असतो.

शेतावर कार्यबिंदू शोधायला दोन मोजमापे पुरतात. शेततळ्याच्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते मोजावे: २५ सेकंद म्हणजे ८ लिटर, ३८ सेकंद म्हणजे ५.३. विहिरीच्या काठावर, मुख्य व्हॉल्व्हच्या आधी, प्रेशर गेज बसवावा. त्याचा १ किलो म्हणजे साधारण १० मीटर. त्यात पाण्यापासून गेजपर्यंतची खोली मिळवली की पंपाचे हेड मिळते. उभ्या पाइपातले थोडे घर्षण सोडून देता येते. इथे अनेकांची फसगत होते. आपल्या उदाहरणात ऑक्टोबरात गेज २ किलो दाखवेल, मे महिन्यात साधारण दीड. काटा उतरला म्हणून पंपाचा जोर गेला असे वाटते. प्रत्यक्षात पंपाचे हेड २६ वरून ३०.५ झालेले असते. वाढलेली खोली गेजच्या खाली असते, म्हणून काटा ती दाखवत नाही. विहिरीत दोरी सोडून पातळी मोजल्याशिवाय गेजच्या आकड्याला अर्थ नाही, हे मी आग्रहाने सांगेन.

आता त्याच मे महिन्यात ड्रम भरायला ५० सेकंद लागले, म्हणजे प्रवाह ४ लिटर. हा पातळी उतरल्याचा नेहमीचा परिणाम नाही, कुठेतरी दोष आहे. गेज १.७ किलो दाखवत असेल तर हेड १७ आणि १५ मिळून ३२, म्हणजे बिंदू पंपाच्या कर्व्हवरच आहे, फक्त डावीकडे सरकला आहे. पंप चांगला आहे. अडथळा गेजच्या पुढे आहे. अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह, पाइपात साचलेला गाळ किंवा क्षार, ट्रॅक्टरखाली दबलेला भाग शोधावा. गेज १.४ दाखवत असेल तर हेड २९. पाइपलाइन जेवढे मागते तेवढेच हे आहे, पण पंपाने ४ लिटरला ३२ द्यायला हवे होते. बिंदू कर्व्हखाली पडला, म्हणून दोष पंपाच्या बाजूला.

पण लगेच पंप वर काढून इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारे आतले चाक, बदलायची घाई करू नये. पंपाची जाळी शेवाळाने तुंबली असेल किंवा विहिरीतल्या उभ्या पाइपाचा जोड गळत असेल, तरी बिंदू असाच कर्व्हखाली पडतो. गेजला हा फरक कळत नाही. शिवाय कंपनीचा कर्व्ह ठरावीक वेगासाठी काढलेला असतो आणि हेड वेगाच्या वर्गाने बदलते: वेग ५ टक्के घटला तर हेड सुमारे १० टक्के जाते. व्होल्टेज फार पडले की मोटर मंदावते. म्हणून पंप चालू असताना आधी तिन्ही फेजचे व्होल्टेज पाहावे, मग जाळी आणि जोड. त्यातही काही सापडले नाही, तर वाळूने झिजलेला इम्पेलर आणि त्याभोवतीची वेअर रिंग यांच्याकडे वळावे.